गोळी घेऊन किती वेळ झाला?

माबेलातल्या आमच्या घरी शुक्रवारी दुपारी अण्णा दोन तास खुर्चीतून उठू शकले नाहीत. शनिवारी तेच. रविवारी दुपारी मात्र चहाचा कप स्वतः बेसिनमध्ये ठेवून आले. माझा नवरा म्हणाला, "पुण्याहून आणलेल्या गोळ्यांत काहीतरी खोट आहे." सासूबाई म्हणाल्या, "उन्हानं होतंय." मी फार्मासिस्ट, मस्कतमध्ये औषधांच्या काउंटरवर दिवस घालवणारी, पण मलाही कारण सापडायला आठ दिवस आणि एक वही लागली.

अण्णा, माझे सासरे, ६८ वर्षांचे. सात वर्षांपूर्वी उजव्या हातापासून कंपवात सुरू झाला. आमच्याकडे आले तेव्हा लेव्होडोपा-कार्बिडोपाची १००/२५ची गोळी, एका वेळी दीड, दिवसातून चार वेळा आणि सोबत प्रॅमिपेक्सोल अर्धा मिलिग्रॅम तीनदा, असं चालू होतं. पुण्याच्या वेळा सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ८. ओमानचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ बदललंच नाही. गोळ्या भारतीय वेळेनं, म्हणजे इथल्या ६:३०, १०:३०, २:३० आणि ६:३० वाजता. गोळ्यांमधलं अंतर कायम राहिलं हे त्यांचं शहाणपण. पण जेवण इथल्या घड्याळानं होतं, आणि गोम तिथेच होती.

इतर दिवशी दोघं म्हातारा-म्हातारी साडेबाराला वरणभात खाऊन घेत. शुक्रवार-शनिवार इथली सुट्टी. सगळे एकत्र जेवायचे म्हणून ताट मांडायला दोन वाजत, आणि ताटात सुरमई, अंडी, दही. म्हणजे अडीचची गोळी भरल्या पोटावर, मासळीच्या पाठोपाठ पडत होती. लेव्होडोपा हे स्वतःच एक अमिनो आम्ल आहे. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ते ज्या वाहकांच्या पाठीवर बसून रक्तात जातं, त्याच वाहकांवर मासळी-अंडी-दुधातल्या प्रथिनांची अमिनो आम्लंही बसतात. रक्तातून मेंदूत शिरतानाही पुन्हा तीच गर्दी. शिवाय पोट जड असलं की गोळी आतड्यात पोहोचतेच उशिरा. गोळी अस्सल होती. तिला गाडीत जागा मिळत नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट. ज्यांची गोळी 'चढते-उतरते' असं जाणवू लागलं आहे, त्यांनी ती जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर किमान तासाभरानं, पाण्याबरोबर घ्यावी. दुधाबरोबर नको. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर हवं, कारण लोह लेव्होडोपाला पोटातच धरून ठेवतं. प्रथिनं बंद करायची नाहीत. या आजारात वजन आधीच उतरतं. दिवसा हलकं आणि मासळी, पनीर, उसळ रात्रीच्या ताटात, एवढा बदल पुरतो. ज्यांना गोळी दिवसभर एकसारखी लागू पडते, त्यांनी हा व्याप करण्याची गरज नाही. नुसती सुरुवातीची मळमळ होत असेल तर गोळीबरोबर एखादं बिस्कीट खाल्लेलंही चालतं.

पण सात वर्षं जी गोळी जेवणाला जुमानत नव्हती, ती आताच का रुसायला लागली? हे मी अण्णांना आमच्या गच्चीवरची टाकी दाखवून सांगितलं. टाकी मोठी असली की पाणी दोनच तास येवो, घरात नळ चोवीस तास चालतो. टाकी लहान झाली की पाण्याच्या वेळेवर जगावं लागतं. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूतल्या शिल्लक डोपामिन पेशी ही टाकी असतात. त्या लेव्होडोपा घेतात, त्याचं डोपामिन करून साठवतात आणि लागेल तसं सोडतात. कार्बिडोपाची जोड असूनही लेव्होडोपा रक्तात दीड तासात निम्मं होतं, पण टाकी भरलेली असल्यानं ते कळत नाही. पेशी कमी होत गेल्या की साठवण संपते, आणि रक्तातले चढउतार जसेच्या तसे हातापायांत दिसू लागतात. पाणी गेलं की नळ कोरडा, आलं की धो धो.

कार्बिडोपाचं काम वेगळं, आणि ते ठाऊक असलं की गोळीवरचे आकडे समजतात. लेव्होडोपा मेंदूबाहेरच डोपामिनमध्ये बदललं तर मळमळतं, रक्तदाब उतरतो आणि मेंदूपर्यंत फारच थोडं पोहोचतं. १९६७ साली कोट्झियास यांनी तोंडावाटे डोपाचे मोठे डोस यशस्वी करून दाखवले तेव्हा रोज काही ग्रॅम द्यावे लागत होते. कार्बिडोपा हा बदल मेंदूबाहेर रोखतं, पण स्वतः मेंदूत शिरत नाही. त्यामुळे काम मिलिग्रॅमवर आलं. त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा पोटात जावं लागतं. १००/१०च्या गोळ्या दिवसाला तीन-चारच घेणाऱ्याला मळमळ सुटत नसेल, तर डॉक्टर १००/२५ची देतात ती याचसाठी.

इथेच परदेशी राहणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. भारतात 'सिंडोपा २७५' म्हणजे २५० लेव्होडोपा अधिक २५ कार्बिडोपा, दोन्हींची बेरीज. 'सिनेमेट २५/२५०' यात कार्बिडोपा आधी लिहितात आणि २५० हे नुसतं लेव्होडोपा. 'मॅडोपार २५०' मध्ये कार्बिडोपाऐवजी बेन्सेराझाइड, आणि २५० ही पुन्हा बेरीज: २०० अधिक ५०. म्हणजे '२५०ची गोळी द्या' या एका वाक्याचे काउंटरवर दोन अर्थ होतात, आणि दोहोंत प्रत्येक डोसला ५० मिलिग्रॅमचा फरक पडतो. आईवडिलांना बोलावताना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडबरोबर 'लेव्होडोपा इतके मिलिग्रॅम, दिवसातून इतक्या वेळा' असं लिहून घ्या. चिठ्ठीत ट्रायहेक्सिफेनिडिल असेल तर निघण्याआधी नियम विचारून घ्या. आखाती देशांत या गोळीचा नशेसाठी गैरवापर होतो, म्हणून तिच्यावर नजर असते.

आता वहीकडे. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, दोनशे पानी वहीत चार रकाने आखले: वेळ, गोळी, ताट, अवस्था. दर अर्ध्या तासाला एक ओळ. अवस्थेसाठी चार अक्षरं ठरवली. झोपेत असतील तर 'झ', जाम असतील तर 'ज', चालू असतील तर 'च' आणि चालू आहेत पण अंग नको तितकं हलतंय तर 'ह'. जाम की चालू हे अंदाजानं लिहायचं नाही, तर एकच कसोटी लावायची: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का. शंका वाटली तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, त्यावर वेळ आपोआप उमटते. तीन दिवस पुरतात, पण त्यात एक सुट्टीचा दिवस हवा. आम्ही आठ दिवस लिहिलं, कारण आई कामाला लागल्या की थांबत नाहीत.

शुक्रवारचं पान असं निघालं. पहाटे पाचला 'झ', शेजारी आईंनी लिहिलेलं: डाव्या पायाचा अंगठा वर, बोटं आत वळली, ओरडून उठले. साडेसहाला दीड गोळी, सात-सव्वासातपासून 'च'. साडेसातला मान आणि खांदे डुलतायत, 'ह'. साडेनऊला चालणं मंदावलं, घाम. दहाला 'ज'. साडेदहाला गोळी, अकरापासून पुन्हा 'च', साडेअकराला 'ह'. दोनला जेवण, अडीचला गोळी, आणि मग साडेचारपर्यंत सलग 'ज'.

हे पान वाचायचं कसं? कंपवातात अंग हलतं एवढं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून काहीही हललं की घरचे म्हणतात, आजार वाढला, गोळी वाढवा. साडेअकराचं डुलणं पाहून माझा नवराही तेच म्हणाला. पण ते डुलणं आजाराचं नव्हतं, गोळीचं होतं. कंप ठोक्याला ठोका लावल्यासारखा असतो, सेकंदाला चार ते सहा वेळा, बहुधा हात स्वस्थ असताना. गोळीमुळे होणाऱ्या हालचालीला, डिस्कायनेशियाला, ताल नसतो. मान, खांदे, कंबर वळत-वाहत राहतात, नाचल्यासारखी. आणि त्या वेळी माणूस मजेत असतो. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "मी कुठे हलतोय? मला तर आत्ता सगळ्यात बरं वाटतंय." गोळीनंतर एक ते दोन तासांत, औषध रक्तात सर्वाधिक असताना हे होतं. इथे डोस वाढवला तर डुलणं वाढणार.

पहाटेचं बोटं वळणं याच्या नेमकं उलट. शेवटची गोळी संध्याकाळी साडेसहाला, मधे रात्र गेलेली, टाकी रिकामी. हे औषध कमी पडल्याचं लक्षण. साडेनऊचा घामही तसाच. गोळी उतरताना हात जड होण्याआधी घाम, धडधड, उगाच वाटणारी भीती किंवा उदासी येते. ओमानच्या उन्हाळ्यात घामाचा दोष हवेवर जातो, पण एसीच्या खोलीत, रोज गोळीनंतर तीन तासांनीच घाम फुटत असेल तर तो हवेचा नाही.

तिसरा एक प्रकार अण्णांना नव्हता, पण त्यात चूक सगळ्यात सहज होते म्हणून सांगते. काहींचे पाय गोळी चढताना एकदा आणि उतरताना एकदा जोरात आपटतात-झटकतात, आणि मधला वेळ चांगला जातो. याला डॉक्टर दोन टोकांची डिस्कायनेशिया म्हणतात. दिसायला ती डुलण्यासारखीच, पण इथे डोस छाटला तर ती लांबते, कारण औषध ना पुरतं वर चढत ना पुरतं उतरत. दोन्हींचे उपाय उलटसुलट. म्हणून डॉक्टरांना 'हलतात' एवढं सांगून भागत नाही. गोळी घेऊन किती वेळ झाला होता, ते सांगावं लागतं.

वही घेऊन आम्ही मस्कतमधल्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी लेव्होडोपाची दिवसभराची मात्रा बदललीच नाही. दीड गोळीचे चार डोस म्हणजे ६०० मिलिग्रॅम. त्याचे एका गोळीचे सहा डोस केले, अडीच तासांच्या अंतरानं. शिखर बुटकं झालं की डुलणं कमी, आणि अंतर घटलं की मधली दरी भरते. वेळा ठरल्या ६:३०, ९, ११:३०, २, ४:३० आणि ७. दुपारचं जेवण साडेबाराला, शुक्रवारीही. सुरमई रात्री. पहाटेच्या बोटांसाठी झोपताना हळू विरघळणारी एक गोळी. ती अख्खीच गिळायची, कुटायची किंवा चावायची नाही.

या तोडग्याला मर्यादा आहे. डोस फार लहान केला तर तो उंबरठ्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि माणूस दिवसभर ना जाम ना चालू असा अर्धवट राहतो. अण्णांची ९ची गोळी पहिल्या आठवड्यात दोनदा अशी वाया गेली. कारण शोधलं तर बद्धकोष्ठ आणि कमी पाणी, जे या हवेत सर्रास होतं. डोसांची विभागणी पुरत नसेल तर डॉक्टर एन्टाकापोन किंवा रासाजिलिनसारखी औषधं जोडून प्रत्येक डोसचा टप्पा लांबवतात. डुलणं त्रासदायक असेल तर अमान्टाडिन देतात. तेही थकलं तर पंप किंवा मेंदूतल्या इलेक्ट्रोडची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेचा एक ठोकताळा लक्षात ठेवा: लेव्होडोपाच्या चांगल्या तासात जे सुधारतं, तेच साधारण शस्त्रक्रियेनं सुधारतं. 'च'च्या वेळीही तोल जात असेल, तर तो शस्त्रक्रियेनं परत येईल ही आशा धरू नये. कंप मात्र याला अपवाद आहे.

अण्णांचा एक जुना सल मधेच निघाला. "सुरुवातीला दोन वर्षं मी ही गोळी घेतली नसती तर आज हे झालं नसतं." हे अनेक शुभार्थी मानतात आणि गोळी 'पुढच्यासाठी राखून' ठेवतात. (शुभार्थी म्हणजे रुग्ण आणि शुभंकर म्हणजे त्याची काळजी घेणारा. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात हेच शब्द रुळलेत, आणि मला ते आवडतात.) २०१४ साली घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. घानात औषध मिळायलाच उशीर होत असे, त्यामुळे तिथे लेव्होडोपा आजाराच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर सुरू झालं होतं. तरी चढउतार आणि डुलणं दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच वर्षी आलं. ते आजार किती वर्षांचा आणि रोजचा डोस किती मोठा यावर अवलंबून होतं, गोळी किती वर्षं घेतली यावर नाही. राखून ठेवणाऱ्याची फक्त चालण्याफिरण्याची चांगली वर्षं जातात. डोस गरजेपेक्षा मोठा नसावा, एवढंच खरं.

आता प्रॅमिपेक्सोल. हे आणि रोपिनिरोल म्हणजे डोपामिन अ‍ॅगोनिस्ट. त्यांना टाकीची गरज नाही. ती डोपामिनची नक्कल करून थेट पुढच्या पेशीच्या कुलपात बसतात आणि लेव्होडोपापेक्षा कितीतरी जास्त तास टिकतात. म्हणून तरुण रुग्णांत डॉक्टर बऱ्याचदा यांनी सुरुवात करतात. त्यात चढउतार आणि डुलणं उशिरा येतं. पण ताकद लेव्होडोपाइतकी नाही, आणि त्यांची किंमत वेगळ्या खात्यात वसूल होते. पाय सुजतात. बोलता बोलता झोप लागते, गाडी चालवतानाही. सत्तरीच्या पुढे भास होतात.

आणि एक गोष्ट घरात कुणी बोलत नाही. आईंनी मला स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता सांगितलं, "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर रमी खेळतात गं. आणि त्या स्क्रू-ड्रायव्हरच्या पेट्या. चार आल्या पुण्याला." जन्मभर शिक्षकाच्या पगारात पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस. आईंना वाटत होतं, म्हातारपणी चळ लागला. तो चळ नव्हता, गोळी होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तीन हजारांवर रुग्णांच्या पाहणीत, अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना यांतली एखादी ओढ आवरत नव्हती. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. रुग्ण हे आपणहून सांगत नाही. लाज वाटते, किंवा त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. शुभंकरानंच विचारायचं, नेमक्या शब्दांत: पैसे कशावर जातात, रात्री काय करता. आणि डॉक्टरांना एकट्यानं गाठून सांगायचं.

डॉक्टरांनी प्रॅमिपेक्सोल काही आठवड्यांत पायरीपायरीनं उतरवलं. एकदम का नाही? एकदम काढलं तर काहींना अस्वस्थता, घबराट, घाम आणि खोल उदासी येते, आणि ती लेव्होडोपा वाढवूनही जात नाही. लेव्होडोपा स्वतः एकाएकी बंद पडलं तर आणखी वाईट. ताप, लाकडासारखं कडक झालेलं अंग, भ्रम, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर गोळ्यांचं वेळापत्रक परिचारिकेच्या हातात द्या. 'औषधं सकाळ-संध्याकाळ देतो' हे उत्तर मान्य करू नका.

काउंटरवरच्या अनुभवातून दोन इशारे. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, चक्करेसाठी प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन, ही औषधं डोपामिनचीच वाट अडवतात, आणि कंपवाताच्या माणसाला दोन दिवसांत खुर्चीला खिळवू शकतात. उलटी झाली तर डॉम्पेरिडोन चालेल का, हे हृदयाचा इतिहास सांगून विचारा. दुसरा इशारा खाजकुइलीचा. नाशिकहून आलेल्या एका पाहुण्यांनी 'पूर्ण नैसर्गिक आहे' म्हणून कवचबीजाच्या चूर्णाचा डबा आणला. त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, आणि हे १९३७ पासून माहीत आहे. पण चमच्यात किती मिलिग्रॅम ते डब्यावर नव्हतं. गोळ्या चालू असताना ते चूर्ण घेणं म्हणजे न मोजता डोस वाढवणं. अण्णा चार दिवस चोरून घेत होते. वहीत त्या चार दिवसांत 'ह' दुप्पट झाले, आणि डबा त्यामुळेच सापडला.

अण्णा पुढच्या महिन्यात पुण्याला परततील. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात नव्या वेळा आत्ताच ८, १०:३०, १, ३:३०, ६ आणि ८:३० अशा आहेत, त्यामुळे विमानातही काही बदलायचं नाही. तुमच्या घरचं घड्याळ इथल्या वेळेला लावलेलं असेल, तर प्रवासाच्या दिवशी भिंतीवरचे काटे पाहू नका. मागची गोळी घेऊन किती तास झाले, तेवढं मोजा. गोळ्या सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवा. आणि जूनमध्ये पार्किंगमधल्या गाडीत पंधरा मिनिटंही विसरू नका.